सही कोणाची आणि कोणत्या तारखेला?

बाणेर, खराडी किंवा हिंजवडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत ‘कस्टमर सक्सेस मॅनेजर’ किंवा ‘अकाउंट मॅनेजर’ या पदाची मुलाखत असली, की एक प्रश्न हमखास येतो. सोडून जायच्या बेतात असलेला एखादा नाराज ग्राहक सांगा, त्या वेळी तुम्ही काय केलंत? अशा मुलाखतींत प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसत आलो आहे. उत्तरं बहुधा एकाच वळणाने जातात. ग्राहक भडकला होता, मी शांतपणे ऐकून घेतलं, टेक्निकल टीमला एकत्र आणलं, प्रश्न सुटला, ग्राहकाने पुढच्या वर्षाचा करार केला. यात खोटं काहीच नसतं. तरी हे ऐकून उमेदवाराला काम येतं की नाही याचा अंदाज बांधता येत नाही, कारण हीच गोष्ट हॉटेलचा मॅनेजरही सांगू शकतो आणि मोबाइलच्या दुकानातला विक्रेताही.

म्हणून पुढचे प्रश्न येतात. करार कोणत्या तारखेला संपत होता? नोटिशीची मुदत किती दिवसांची होती? रिन्यूअलच्या कागदावर सही कोणाची लागणार होती? करार वर्षाला किती रुपयांचा होता आणि रिन्यू झाला तेव्हा किती राहिला? अर्धे उमेदवार इथे अडखळतात. ज्याने हे काम खरोखर केलं आहे त्याला दोन वर्षांपूर्वीची तारीखही आठवते, कारण त्या तारखेभोवती त्याचे तीन-चार महिने गेलेले असतात.

हे पद आलं कुठून, ते थोडक्यात सांगायला हवं. पूर्वी सॉफ्टवेअर एकदाच विकलं जायचं. लायसन्सचे पैसे सुरुवातीलाच हातात पडत आणि नंतर ग्राहक ते वापरतो की नाही याने विकणाऱ्याचं फारसं बिघडत नसे. वर्गणीवर सॉफ्टवेअर देण्याची पद्धत आली तसं हे गणित उलटलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सेल्सफोर्स कंपनीची वाढ जोरात होती. त्या वर्षी कंपनीच्या वरिष्ठांच्या बैठकीत डेव्हिड डेम्प्सी यांनी दाखवून दिलं, की दरमहा सुमारे ८ टक्के ग्राहक गळत आहेत. ८ हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण दरमहा ८ टक्के गेले, तर वर्षाच्या सुरुवातीच्या १०० ग्राहकांतले वर्षाअखेर ३७ उरतात. तिथून ग्राहक टिकवण्याचं काम स्वतंत्र माणसांकडे देण्याची पद्धत रुजत गेली. पुण्यात वाढलेल्या ड्रूवा, आयसर्टिस, माइंडटिकल या कंपन्यांचा धंदाही याच वार्षिक वर्गणीचा. खरं तर पुणेकरांना वार्षिक कराराची ओळख त्याआधीपासून आहे. क्विक हीलचे कैलास काटकर अँटिव्हायरसच्या आधी संगणकांच्या देखभालीची वार्षिक कंत्राटं घेत असत, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ‘एएमसी’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मुलाखतीत उमेदवार अभिमानाने एक वाक्य सांगतो: “माझं रिटेन्शन ९५ टक्के होतं.” यावर लगेच विचारलं जातं, ग्राहकांच्या संख्येत की रुपयांत? वीस ग्राहकांपैकी एकच गेला तर संख्येत ९५ टक्के होतात. पण तो एक सगळ्यांत मोठा असेल, तर रुपयांत ७० टक्केही निघू शकतात. दुसरा प्रश्न ग्रॉस की नेट असा असतो. समजा वर्षाच्या सुरुवातीला तुमच्याकडे १० कोटींचे करार होते. त्यातले ६० लाखांचे ग्राहक गेले, राहिलेल्यांनी ४० लाखांची कपात केली आणि काहींनी दीड कोटीची नवी खरेदी केली. ग्रॉस हिशेबात फक्त गळती धरतात, म्हणून तो ९० टक्के. नेटमध्ये नवी खरेदीही धरतात, म्हणून तो १०५ टक्के. नाराज ग्राहक सांभाळण्याची परीक्षा ग्रॉसमध्येच होते. नेटचा चांगला आकडा मागची गळती झाकू शकतो, आणि पॅनेलवरच्या अनुभवी माणसाला हे ठाऊक असतं.

आता एक प्रसंग तपशिलात पाहू. कंपनी कल्पित आहे, पण अशी केस मुलाखतीत कागदावर देतात आणि वीस-तीस मिनिटांत उत्तर मागतात. ग्राहक वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखानदार. चाकण, रांजणगाव आणि वाळूज असे तीन प्लांट. तुमच्या सॉफ्टवेअरवर त्याचे इन्स्पेक्टर टॅबलेटवरून मापं भरतात आणि मालासोबत जाणारा तपासणी अहवाल तिथून छापतात. लायसन्स २४०, करार वर्षाला ४८ लाखांचा, म्हणजे एका लायसन्सला २०,००० रुपये. करार ३१ मार्चला संपतो. रिन्यू करायचा नसेल तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं, नाहीतर तो आपोआप पुढे चालू राहतो. नोव्हेंबरातल्या एका रात्री तिसऱ्या पाळीत सर्व्हर बंद पडला आणि ६ तास अहवाल छापता आले नाहीत. चाकणच्या गेटवर दोन ट्रक उभे राहिले. सकाळी प्लांट हेडने तुमच्या सीईओला थेट मेल टाकली.

इथे पॅनेलमधला एकजण प्लांट हेड होतो आणि म्हणतो, “तुमच्या सॉफ्टवेअरमुळे माझे दोन ट्रक रात्रभर उभे होते. मला हे चालवायचंच नाही.”

कच्चा उमेदवार म्हणतो, “सर, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमची टीम यावर काम करते आहे.” हे वाक्य प्लांट हेडने आयुष्यात शेकडो वेळा ऐकलेलं असतं. तयार उमेदवार माफी मागतोच, पण लगेच विचारतो, “सर, ट्रक शेवटी किती वाजता सुटले? समोरच्या कंपनीची लाइन थांबली का? डेबिट नोट आली आहे का?” या तीन प्रश्नांनी संभाषण बदलतं. वाहन कंपनीला माल उशिरा पोचला की पुरवठादाराच्या बिलातून दंड कापला जाऊ शकतो, आणि त्याची चिठ्ठी म्हणजे डेबिट नोट. समोरच्याचं नुकसान सर्व्हर बंद पडण्यात नाही, त्या चिठ्ठीत आहे, हे उमेदवाराला कळलं आहे असं प्लांट हेडला पहिल्यांदाच वाटतं. ट्रक दीड तास उशिराने सुटले आणि दंड झाला नाही, असंही उत्तर येऊ शकतं. मग राग तेवढाच राहिला तरी प्रश्नाचं माप कळतं.

पहिल्या काही तासांत करायच्या गोष्टी थोड्या आणि ठरलेल्या असतात. मेलला मेलने उत्तर देण्याआधी फोन करायचा. आपल्याला काय कळलं आहे, काय अजून कळलेलं नाही आणि पुढची खबर किती वाजता देऊ, एवढं सांगायचं. ती वेळ पाळायची, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी. चार वाजता फोन करतो म्हणून सहा वाजता केला, की दुसरी तक्रार तयार होते आणि ती सर्व्हरची नसून तुमची असते. त्याच वेळी दोन संभाषणं वेगळी ठेवायची. इंजिनिअर आणि ग्राहकाचा आयटी विभाग एका कॉलवर बिघाड शोधतात. तिथे प्लांट हेडला बसवलं तर इंजिनिअर शोधायचं सोडून खुलासे द्यायला लागतात. प्लांट हेडशी तुम्ही बोलायचं, कामाच्या भाषेत.

तिसरी गोष्ट घरच्या आघाडीची, आणि मुलाखतीत ती फार कमी जण स्वतःहून सांगतात. ग्राहकाची मेल सीईओकडे गेली आहे. सीईओने घाईत ‘पुन्हा असं होणार नाही’ असं उत्तर पाठवलं तर ते वचन निभवायचं तुम्हाला. म्हणून तासाभरात त्यांच्या हातात पाच ओळी द्यायच्या: काय झालं, ग्राहक कोण, करार किती रुपयांचा आणि कधी संपतो, आता काय चाललं आहे, तुम्ही काय लिहावं आणि काय लिहू नये. एस्कलेशन वर चढतं तेव्हा वरच्या माणसाला तयार करणं हे याच पदाचं काम आहे.

त्यानंतर येतो आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल. बिघाड दुरुस्त झाल्यावर साधारण तीन ते पाच कामाच्या दिवसांत तो द्यावा अशी अपेक्षा असते. त्यात मिनिटांसह घटनाक्रम हवा, कारण हवं, आमच्या लक्षात ते आधी का आलं नाही याचं उत्तर हवं आणि कोणता बदल कोण कोणत्या तारखेपर्यंत करणार हे हवं. चौथा भाग बहुतेक अहवालांत ढिला असतो. ‘मॉनिटरिंग सुधारण्यात येईल’ या वाक्याला तारीख नसते आणि नावही नसतं. ग्राहकाच्या क्वालिटी विभागातली माणसं स्वतः वाहन कंपन्यांना असेच अहवाल लिहीत असतात, त्यामुळे पळवाट त्यांना लगेच दिसते.

आरसीए आणि भरपाई यांचं अलीकडचं सर्वांत मोठं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेल्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजत होते, आणि त्या दिवशी आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने ७८ मिनिटांत ते अपडेट मागे घेतलं, पण बंद पडलेली यंत्रं एकेक करून सुरू करावी लागली. पाच दिवसांनी प्राथमिक अहवाल आला आणि ६ ऑगस्टला सविस्तर आरसीए. त्यातलं कारण अगदी नेमकं होतं: सॉफ्टवेअरचा एक भाग २० नोंदी वाचायला बनवला होता आणि नव्या फाइलने एकविसावी वाचायला लावली. चाचणीत हे का निसटलं तेही लिहिलं होतं. दरम्यान कंपनीने भागीदारांना आभारादाखल जेवणाची १० डॉलरची कूपन पाठवली, आणि त्यांचा वापर एकाएकी इतका वाढला की उबरने ती फसवणूक समजून अडवली. ज्यांची माणसं रात्रंदिवस यंत्रं उठवत होती त्यांना १० डॉलर पाठवणं हा माझ्या मते मोठा चुकीचा निर्णय होता. नुकसानाच्या तुलनेत नगण्य रक्कम देण्यापेक्षा त्या टप्प्यावर काही न देणं बरं. नंतर कंपनीने करारांतच सवलती आणि जादा मॉड्यूल देऊ केली. पुढच्या तिमाहीतही तिचं ग्रॉस रिटेन्शन ९७ टक्क्यांच्या वर राहिलं. सगळेच मात्र शांत राहिले नाहीत. डेल्टा एअरलाइन्सने सुमारे ५० कोटी डॉलरच्या नुकसानीचा दावा करत कंपनीला कोर्टात खेचलं.

आपल्या चाकणच्या ग्राहकाच्या भरपाईचा हिशेब असा बसतो. करारात महिन्याला ९९.५ टक्के वेळ सेवा चालू राहील असं लिहिलं आहे. नोव्हेंबरचे तास ७२०, म्हणजे ३.६ तासांची बंदी चालते. सेवा ६ तास बंद होती, म्हणून अट मोडली. करारानुसार महिन्याच्या शुल्काच्या ५ टक्के परत द्यायचे. महिन्याचं शुल्क ४ लाख, म्हणून २०,००० रुपये. ही रक्कम ग्राहकाने मागायच्या आधी आपण होऊन द्यायची, एवढंच तिचं महत्त्व. २०,००० रुपयांनी करार वाचत नाही. पण ग्राहकाला ते मागावे लागले, त्यासाठी चार मेल कराव्या लागल्या, तर करार जायला ते पुरतात.

इथपर्यंत बरेच उमेदवार पोचतात. पॅनेल खरं काय पाहत असतं ते यापुढे. केसच्या कागदावर खाली वापराचे आकडे दिलेले असतात. चाकणला १०० पैकी ९० लायसन्स रोज वापरात, रांजणगावला ८० पैकी ७५, वाळूजला ६० पैकी १२. मेल चाकणहून आली, पण करार वाळूजमुळे धोक्यात आहे. चाकणचा प्लांट हेड ओरडतो, कारण त्याचं काम या सॉफ्टवेअरवर अडलेलं आहे. वाळूजहून सहा महिन्यांत एकही तक्रार आलेली नाही. ओरडणारा ग्राहक वापरणारा असतो. न बोलणाऱ्याकडे आधी जायला हवं.

उमेदवाराने इथे म्हणायला हवं, “मी वाळूजला जाईन.” व्हिडिओ कॉल नव्हे, प्रत्यक्ष. तिथे गेल्यावर काय दिसेल? समजा असं दिसलं, की शॉप फ्लोअरच्या मागच्या अर्ध्या भागात वायफाय पोचत नाही. टॅबलेट अडतं म्हणून इन्स्पेक्टर जुन्या रजिस्टरवर लिहितात आणि पाळी संपताना एक मुलगा कार्यालयात बसून सगळं एकदम भरतो. ज्या क्वालिटी हेडने हे सॉफ्टवेअर आग्रहाने आणलं होतं तो ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेला. नव्या माणसाला हे कशासाठी घेतलं तेच कोणी सांगितलेलं नाही. आपल्या बाजूचा माणूस गेला, ही गोष्ट तीन महिने कोणाच्या नोंदीत नव्हती. नोव्हेंबरची रात्र नसती तर मार्चपर्यंत ती कळलीच नसती.

मग सहीचा प्रश्न. त्याच वर्षी ग्राहकाकडे नवे सीएफओ आले आणि त्यांनी नियम केला, की २५ लाखांवरचं प्रत्येक रिन्यूअल परचेस विभागातून यायला हवं. प्लांट हेड खूश झाला तरी सही त्याची नाही. परचेसच्या माणसाने सॉफ्टवेअर कधी उघडून पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर वापराचा तक्ता आणि मागच्या वर्षीचं बिल असेल, आणि तो किंमत कमी करायला सांगेल, कारण त्याचं काम तेच आहे. सीएफओंना तिसरीच गोष्ट हवी: ४८ लाखांत मिळालं काय, ते एका पानावर.

आता कॅलेंडर मागे मोजत यायचं. करार ३१ मार्चला संपतो. ६० दिवसांची नोटीस म्हणजे ग्राहकाला नकार कळवायची शेवटची तारीख ३० जानेवारी. म्हणून सीएफओंशी बैठक १५ जानेवारीच्या आसपास व्हायला हवी. त्या बैठकीत वाळूजचं उत्तर हातात हवं, म्हणून वाळूजची फेरी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. डिसेंबरअखेर लोक सुट्टीवर असतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या कंपन्या वर्षअखेरीत बुडालेल्या असतात, हेही धरायचं. नोव्हेंबरच्या बिघाडानंतर खरं तर आठच आठवडे हातात आहेत. ‘रिन्यूअल मार्चमध्ये आहे, फेब्रुवारीत बोलू’ असं म्हणणाऱ्या उमेदवाराला इथेच वगळतात.

करार आपोआप पुढे जातो, मग घाई कशाला, असंही काही जण विचारतात. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात परचेस ऑर्डर निघाली नाही तर अशा कारखान्यात बिल पास होत नाही, आणि ३० जानेवारी चुकली म्हणून वर्षभर अडकलेला ग्राहक पुढच्या १ एप्रिलपासूनच दुसरा पुरवठादार शोधायला लागतो. उलट काही वेळा परचेस विभाग केवळ बोलणी सुरू ठेवण्यासाठी नकाराची नोटीस पाठवून ठेवतो. ती हातात पडली म्हणून घाबरून किंमत पाडायची नसते. नोटीस सावधगिरीची आहे की निर्णयाची, हे सही करणाऱ्याला सरळ विचारायचं.

जानेवारीत परचेस म्हणतं, “२५ टक्के कमी करा, नाहीतर आम्ही बघतो.” या वळणावर मुलाखतीतली बहुतेक उत्तरं ‘मी १५ टक्क्यांवर तडजोड केली’ अशी येतात. जरा गणित करून पाहू. २५ टक्के सूट म्हणजे १२ लाख. करार ३६ लाखांवर येतो, लायसन्सचा दर २०,००० वरून १५,००० होतो आणि वाळूजची ४८ न वापरलेली लायसन्स तशीच पडून राहतात. पुढच्या मार्चमध्ये परचेसच्या तक्त्यात तीच लायसन्स पुन्हा दिसतील, आणि बोलणी १५,००० पासून सुरू होतील.

दुसरा रस्ता असा. आपणच सांगायचं, की वाळूजला ६० लायसन्सची आज गरज नाही, २० ठेवा. ४० लायसन्स कमी केली की करार ४० लाखांवर येतो. दर २०,००० च राहतो. वाळूजच्या नव्या क्वालिटी हेडसोबत तीन महिन्यांचा कार्यक्रम लिहून द्यायचा: नेटवर्क नसताना नोंद करता येण्याची सोय कोणत्या तारखेला मिळणार, इन्स्पेक्टरांचं प्रशिक्षण कोणत्या पाळीत होणार, रजिस्टर कधी बंद होणार. वापर वाढला तर वर्षाच्या मधेच जुन्या दराने लायसन्स परत घ्यायची मुभा द्यायची. यात विकणाऱ्याचे ८ लाख गेले, म्हणजे या ग्राहकापुरतं ग्रॉस रिटेन्शन ८३ टक्क्यांवर आलं. पहिल्या रस्त्यात ते ७५ होतं. वाळूज सुधारलं तर हा करार पुन्हा ४८ लाखांवर जाऊ शकतो. पहिल्या रस्त्यातला करार तसा जाऊ शकत नाही, कारण तिथे दरच खाली आला आहे.

एक अट मात्र आहे. नेटवर्कशिवाय नोंदीची सोय जूनमध्ये देऊ असं म्हणायच्या आधी आपल्या प्रॉडक्ट टीमने ती तारीख लेखी मान्य केलेली हवी. चांगल्या पॅनेलचा एक आवडता प्रश्न यावरच असतो: ग्राहकाने मागितलेली आणि तुम्ही नाकारलेली एक गोष्ट सांगा. जूनची तारीख मिळत नव्हती म्हणून मी ग्राहकाला सप्टेंबर सांगितलं आणि तोवर वाळूजच्या त्या भागाचं बिल लावलं नाही, असं जो सांगतो त्याच्या गोष्टीवर विश्वास बसतो. रचलेल्या गोष्टीत नकार सहसा नसतो. ग्राहकाने दुसऱ्या मेलमध्ये काय लिहिलं हेही त्यात नसतं, कारण पहिल्या मेलनंतरच सगळं सुरळीत झालेलं असतं.

धोका आधी कसा ओळखता, असं विचारल्यावर उमेदवार हेल्थ स्कोअरचं नाव घेतो. कंपन्यांकडे असा गुण असतोच. लॉगिन, तक्रारी, बिल वेळेवर भरणं, सर्वेक्षणातलं मत यांवरून ग्राहकाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. त्याची मर्यादा वाळूजने दाखवली. तीन प्लांटांची सरासरी २४० पैकी १७७, म्हणजे जवळजवळ ७४ टक्के, आणि रंग बहुधा हिरवाच. शिवाय पाळीअखेर एकाच मुलाने भरलेल्या नोंदी मोजल्या, तर वाळूजही चालू दिसतं. रंगापेक्षा मला काही बारीक खुणा जास्त सांगतात. तिमाही आढावा बैठकीला आधी येणारे साहेब येईनासे होतात आणि कनिष्ठाला पाठवतात. तक्रारींची संख्या एकाएकी शून्यावर येते. कोणीतरी मूळ कराराची प्रत मागतं. आणि सर्वांत गंभीर खूण म्हणजे आपला सगळा डेटा एकगठ्ठा कसा बाहेर काढायचा, याची साधी वाटणारी चौकशी. ती चौकशी सपोर्टच्या मुलाकडे येते, तो दहा मिनिटांत मदतीचं पान पाठवून तिकीट बंद करतो, आणि अकाउंट मॅनेजरला कळतही नाही. अशी चौकशी आली की मला सूचना येईल अशी व्यवस्था मी केली होती, असं मुलाखतीत सांगणाऱ्या एका उमेदवार मुलीला आम्ही तिथेच पसंत केलं होतं.

प्रत्येक ग्राहक टिकवायचा असतो असंही नाही. ज्याच्या कामाला आपलं सॉफ्टवेअर मुळातच बसत नव्हतं आणि विक्रीच्या घाईत ते गळ्यात मारलं गेलं, त्याला सवलती देऊन आणखी एक वर्ष ठेवलं तर सपोर्टचा खर्च वाढतो आणि जाताना तो चार जणांना सांगून जातो. अशा ग्राहकाला डेटा नीट काढून द्यायचा, शेवटचं बिल योग्य तेवढंच लावायचं आणि तो का गेला हे विक्री विभागाला लेखी कळवायचं. म्हणूनच पॅनेल विचारतं, “गेलेला एक ग्राहक सांगा.” माझा एकही गेला नाही, या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही. गेल्याचं कारण ‘किंमत’ एवढंच सांगितलं तर पुढे विचारतात, त्याने नंतर कोणाचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते स्वस्त होतं का? पुष्कळदा ते स्वस्त नसतंच.

हे सगळं सांगताना आधीच्या ग्राहकाचं नाव आणि कराराचा खरा आकडा उघड करायचा नसतो. ‘वाहन उद्योगातला एक ग्राहक, पन्नास लाखांच्या आतला करार’ एवढं पुरतं. जो उमेदवार जुन्या ग्राहकाचे तपशील मुलाखतीत सहज सांगतो, तो आपलेही उद्या बाहेर सांगेल, हे समोरच्यांच्या मनात येतंच.

शेवटी उमेदवाराला प्रश्न विचारायची वेळ देतात. तेव्हा बरेच जण कंपनीच्या संस्कृतीबद्दल विचारतात. त्याऐवजी रिन्यूअलचा आकडा कोणाच्या नावावर आहे ते विचारावं, तुमच्या की विक्री विभागाच्या. काही कंपन्यांत ग्राहक सांभाळायचा तुम्ही आणि किंमत ठरवायची विक्रीच्या माणसाने, आणि मग २५ टक्क्यांची सूट तुमच्या पाठीमागे देऊन टाकली जाते. एका माणसाकडे किती ग्राहक असतात हेही विचारावं. २० मोठे ग्राहक असतील तर वाळूजला जाता येतं, १५० असतील तर नाही, आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. अमेरिकेतले ग्राहक असतील तर एस्कलेशन रात्री सुरू होऊ शकतं. त्या रात्रींची पाळी कशी लावतात ते विचारून घ्यावं. पगारातला बदलता भाग ग्रॉसवर मोजतात की नेटवर, आणि तुम्ही रुजू व्हायच्या आधीच जायचं ठरवलेल्या ग्राहकांची गळती पहिल्या वर्षी तुमच्या खात्यावर पडते का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी लेखी मागावं.